नवो पाट

विनीता: माका वाटलां लवू सुतार घर चुकलो. दारात येदो मोठो फणसाचो पाट ठेवल्यान आणि म्हणता कसो, "वयनी, बावीसशे सुदेशान कालच दिल्यान, बाकी काय एक नाय." म्हणजे ह्यो पाट आपलोच?

सुदेश: आपलोच. गणपतीचो. आत्ता भिकाजीच्या मूर्तीच्या शाळेत न्हेवन देतंय. पाट पोचल्याशिवाय तो मातयेक हात लावणा नाय, तुका म्हायत आसा.

विनीता: गणपतीचो पाट माळ्यार आसा. तुमच्या बापाशीच्या वेळचो. तेका काय वाळवी लागली?

सुदेश: वाळवी कित्याक लागात? तो बारको. तेच्यार दीड फुटाची मूर्ती बसता. यंदा तीन फुटाची सांगलंय.

विनीता: कितकी?

सुदेश: तीन फूट. आणि आरडा नको.

विनीता: आरडतलंय! तीन फुटाची काय तुमी आणि भिकाजी गजाली मारता मारता ठरवल्यात? घरात बायल आसा, तिका एक शब्द? किती घेता तीन फुटाचे?

सुदेश: साडेनऊ. शाडूची आसा, डोळ्यांची आखणी तोच करतलो. दोन हजार आगाऊ दिलंय.

विनीता: साडेतीनाचे साडेनऊ. तुमची आवसच सांगायची मरे, एकदा मूर्ती वाढवली की परत कमी करूक गावणा नाय? म्हणजे हे साडेनऊ ह्याच वर्षाचे नाय. दरवर्षाचे. आपून म्हातारी होईसर, आणि आपल्या मागे संचिताक.

सुदेश: देवाच्या कामात हिशोब घालतंस?

विनीता: देवान कधी सांगल्यान, माका मोठो करा म्हणान? आणि आजून काय ठरवल्यात तां एकदाच सांगा. हप्त्यान सांगा नको.

सुदेश: पाचाचे अकरा दिवस ठेवूया म्हणतंय. आणि एक दिवस डबलबारी.

विनीता: डबलबारी!

सुदेश: दोन बुवा, भजनाची बरी जुगलबंदी. वाडीत कोणाकडे झाली नाय दहा वर्षांत.

विनीता: दोन बुवा, तेंची दोन मंडळां, मांडव, लाईट, माईक आणि दोनशे माणसांक उसळ-पाव. किती झाले? सांगा मरे, तुमी बोटीर माणसां मोजतास, ह्यां मोजा.

सुदेश: सगळां धरून पंचेचाळीस हजार.

विनीता: आणि दरवर्षी आपलो गणपती कितक्यात जाता? मी सांगतंय. अठरा. मूर्ती, वरची माटवी, भटजी, करंज्यो, भजनाची उसळ, सगळां धरून अठरा. हे वरचे सत्तावीस हजार खंयसून येतले?

सुदेश: बँकेत चौऱ्याऐंशी हजार आसत. माझ्या मेहनतीचे. चोरीचे नाय.

विनीता: आज तारीख काय?

सुदेश: चौदा जुलय. तारीख कित्याक विचारतंस?

विनीता: बोट खंय आसा?

सुदेश: विनीता, माका शाळेतल्या पोरासारख्यां विचारू नको.

विनीता: बोट किनाऱ्यार ताडपत्रीखाली आसा! ऑगस्ट संपासर किल्ल्यार एक प्रवासी न्हेवक गावचो नाय. सप्टेंबरात सुरू झाली तरी दसऱ्यापर्यंत कुत्रो फिरकणा नाय. म्हणजे तीन महिने घरात रुपयो येवचो नाय. घराक म्हयन्याक सोळा हजार लागतत. अर्धो जुलय, ऑगस्ट, सप्टेंबर, झाले चाळीस. बोटीचो रंग, इंजिनाचां काम, लायसन, तुमचो अर्धो वाटो चौदा. चौपन्न झाले. रवले तीस. तीसातसून पंचेचाळिसाचो गणपती करून दाखवा. करा! माका बघूचा आसा.

सुदेश: करीन. भागीदाराकडसून उचल घेईन. सीझन चालू झाल्यार फेडीन.

विनीता: ऋण काढून सण! आणि माझ्यो पाटल्यो?

सुदेश: आता पाटल्यो काढलंस.

विनीता: मी नाय काढलंय. तुमीच काढल्यात, माझ्या हातातल्यो! गेल्या ऑगस्टात इंजिन खोलल्यात, पंचावन्न हजार लागले, घरात पाच नव्हते. माझ्या आवशीन दिलेल्यो पाटल्यो बँकेत ठेवून चाळीस हजार हाडलंव. वीस ऑगस्टाक वर्षाची मुदत संपता. गौरीच्या ओवश्याक मी पूजेचां सूप घेवन उभी रवतलंय तेव्हा वाडीतल्यो सगळ्यो बायलो माझ्या हाताकडे बघतल्यो. गेल्या वर्षी पदर ओढून हात झाकलंय मी. तुमका दिसला तरी?

सुदेश: दिसला.

विनीता: दिसला आणि तीन फुटाचो गणपती सांगल्यात.

सुदेश: होय, सांगलंय! कित्याक सांगलंय तां ऐकतलंस? पंचावन्नातले चाळीस तुझ्या पाटल्यांचे. वरचे पंधरा भाईन दिल्यान. माझ्या सख्ख्या भावान. आणि गणपतीत आरतीक वाडी जमली होती, तेव्हा टाळ हातात घेवन तो सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्या सुदेशाची बोट माझ्या पंधरा हजारान चलता बरां." लोक हसले. मी बाप्पासमोर हात जोडून उभो होतंय. माका धरणी फाटलेली बरी वाटली असती.

विनीता: तेचे तुमी डिसेंबरात फेडल्यात.

सुदेश: पैसे फेडलंय. हसणां कसां फेडू? म्हणान यंदा तीन फूट. भाई मुंबयहून येवंदे आणि बघांदे.

विनीता: भाईक दाखवूक आपून सप्टेंबरात पेज खावची?

सुदेश: तू पेजेचां बोलू नको. तुझ्याकडे पैसे आसत.

विनीता: माझ्याकडे?

सुदेश: पोस्टात.

विनीता: कोणी सांगल्यान?

सुदेश: कोणी कशाक सांगूक व्हया? जुन्या पाटाचां माप घेवक मी माळ्यार चढलंय. कापड सोडलंय तर आत पासबुक. दीड हजार म्हयन्याक, सव्वीस हप्ते. एकोणचाळीस हजार, विनीता! देवाच्या पाटाच्या कापडात लपवलंस. वर्षातून एकदा ता कापड सुटता म्हणान.

विनीता: ता माझा आमसुलाचा आणि आगळाचा आसा. भर उन्हात रातांबे फोडून आणि सोलां सुकवून मिळवलेला.

सुदेश: तुझाच आसा! कोण नाय म्हणता? पण गेल्या ऑगस्टात त्यात पंधरा हप्ते होते. साडेबावीस हजार. मी भाईक फोन लावत होतंय तेव्हा तू चुलीशी उभी होतंस. ऐकत होतंस. माझो आवाज कसो खाली गेलो तो ऐकलंस. आणि तोंड उघडूक नाय. ह्यां कसां केलंस गो तू?

विनीता: ते काढूक येणत नाय.

सुदेश: खोटां.

विनीता: खोटां नाय! पाच वर्षांचां आवर्ती खाता आसा. तीन वर्षां होयसर मोडूक देणत नाय, आणि तेच्यानंतर मोडलां तर साध्या बचत खात्याचा व्याज, चार टक्के. पुरी पाच वर्षां ठेवलां तर एक लाख सात हजार. संचिता आत्ता आठवीत आसा. तिची दहावी झाली की मे म्हयन्यात तां पिकता. मी तारीख बघून घातलंय. अकरावीक तिका कुडाळाक ठेवची लागात, नायतर खंय शिकतली ती? तेव्हा कोणाच्या तोंडाकडे बघू?

सुदेश: कर्ज मिळता त्यार. बारा हप्ते झाले की अर्ध्या रकमेचा. एजंट नम्रताक विचारलंय मी काल. सव्वाअकरा हजार उभे रवले असते. भाईकडे पंधराच्या जागेर चारच मागूचे लागले असते. चार हजारार कोण आरतीत गजाल करणा नाय. आता बोल मरे.

विनीता: भियालंय.

सुदेश: कोणाक? माका?

विनीता: तुमका नाय. तुमच्या हाताक. एकदा तुमका कळलां काय पैसे आसत, की ते गेले. कोणाक नाय म्हणूक तुमका येणाच नाय. ह्या सीझनाक बोटीचे तीन लाख वीस हजार इले. घरखर्च काढा, भाईचे काढा, बँकेतले काढा, ह्यो पाट आणि तुमचो आगाऊ काढा. तरी पासष्ट हजार गावणत नाय. खंय गेले पासष्ट हजार?

सुदेश: फ्रिज एकवीसचो. तो कोणी मागल्यान?

विनीता: ...मी.

सुदेश: तुझ्या भावाच्या लग्नात आहेर बाराचो. कोणी सांगल्यान, कमी दिसता नये म्हणान?

विनीता: मी. बरां. आणि मोबायल सोळाचो?

सुदेश: तो माझो. आणि वरचे सोळा चाय, बिड्यो, खलाश्यांवांगडा शनवाराची पार्टी. होय, केलंय! आठ महिने खाऱ्या पाण्यात राबतंय, पाठ भाजून निघता, आणि घरात तू चायत साखर मोजून घालतंस. संचिताक शाळेच्या सहलीक सोडूक नाय, आठशे रुपयांसाठी. तिना दोन दिवस तोंड फुगवल्यान. जगूचा कधी गो? पैसे साठवून साठवून सरणार न्हेवचे?

विनीता: सहलीचा माका पण लागलां. माका काय काळीज नाय?

सुदेश: मगे बोललंस कित्याक नाय? तू लपवतंस, मी उडवतंय. लपवणारो शाणो आणि उडवणारो वेडो, असां ठरलां आसा ह्या घरात. माका पुरे झालां. सरक. पाट न्हेवंदे माका. भिकाजी वाट बघता.

विनीता: ह्यो पाट जावचो नाय.

सुदेश: विनीता, हात काढ.

(विनीता नव्या पाटावर बसते.)

सुदेश: ऊठ. ऊठ गो! देवाचो पाट तो!

विनीता: अजून देव बसूक नाय तेच्यार. मी बसलंय. आता न्हेवा भिकाजीकडे आणि सांगा, माझी बायल बसली ह्येच्यार, आता तीन फुटाचो देव बसव.

सुदेश: शिरा पडली तुझ्या डोक्यार! बावीसशे रुपयांचो पाट!

विनीता: बावीसशे गेले. सत्तावीस हजार वाचले.

सुदेश: माका लाज वाटता तुझी.

विनीता: वाटांदे. माका पण गेला वर्षभर वाटता. पण आता ऐका, कारण मी उठूचंय नाय ऐकल्याशिवाय. तुमचो मोबायल देवा. बँकेत फोन लावतंय. मुदतीचां काय तां दोघांनी एकाच वेळेक ऐकूया. स्पीकरार घालतंय... हॅलो, नमस्कार मॅडम. माझ्या नावावर सोनेतारण कर्ज आहे, चाळीस हजारांचं. मुदत वीस ऑगस्टला संपते. सगळे पैसे भरणं आत्ता जमणार नाही. काय करता येईल?

बँकेतल्या बाई: तुमचं साडेनऊ टक्क्यांचं आहे. वर्षाचं व्याज झालं तीन हजार आठशे. तेवढं व्याज मुदतीच्या आत भरलंत तर कर्जाचं नूतनीकरण होतं. त्या दिवशीच्या दराने दागिन्यांची किंमत पुन्हा बघतात, ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सहीला यायचं.

विनीता: आणि व्याजाबरोबर थोडं मुद्दल भरलं तर चालेल?

बँकेतल्या बाई: चालेल की. जेवढं मुद्दल कमी, तेवढं पुढचं व्याज कमी. नंतरही मध्ये मध्ये भरत जा, त्याला दंड नाही. पण दागिने सगळी रक्कम फिटल्यावरच परत मिळतील. आणि मुदत चुकवू नका हं, नोटीस निघते, मग लिलावापर्यंत गोष्ट जाते.

विनीता: नाही चुकवणार. आभारी आहे... ऐकल्यात?

सुदेश: ऐकलंय. म्हणजे ह्या गौरीक पाटल्यो येवच्यो नाय.

विनीता: येवच्यो नाय. चौऱ्याऐंशीतले चौपन्न घराक आणि बोटीक. अठरा गणपतीक. रवले बारा. तीन हजार आठशे व्याज, आठ हजार मुद्दल. चाळिसाचे बत्तीस होतले. दोनशे रुपये रवतले हातात. मी हिरव्यो काचेच्यो भरतंय ओवश्याक. आणि यंदा पदर ओढूचंय नाय. बघांदेत.

सुदेश: पोस्टाचां कर्ज काढलां तर? साडेएकोणीस मिळतले.

विनीता: एका कर्जाक दुसरां कर्ज. पोस्ट आपल्या व्याजार दोन टक्के चढवता, म्हणजे पावणेनऊच्या आसपास. साडेनऊच्या जागेर पावणेनऊ, तेच्यात काय मिळवलंव? आणि तरी पाटल्यो सुटणत नाय, बत्तीस व्हये.

सुदेश: नको मगे. संचिताच्या पैशाक हात नको लावू.

विनीता: ...ह्यां तुमी बोललात?

सुदेश: मी बोललंय. माझी पण ती चेडू आसा. आता ऊठ, पाट उलटो कर. लवू पेन्सिल विसरान गेलो ती खंय आसा? इतके आकडे माका तोंडार रवणत नाय. खालच्या अंगार लिव्हतंय.

विनीता: पाटार?

सुदेश: मगे काय करूचा तेचा? बावीसशेचो कागद झालो आसा. सांग. बोट चालू झाली की म्हयन्याक सरासरी चाळीस हजार येतत. आठ महिने. मी सांगतंय काय करूया. ते आपले नाय.

विनीता: आपले नाय म्हणजे?

सुदेश: भागीदाराकडसून हातात नको, थेट खात्यात. आणि एक तारखेक आपून दोघांनी पगार घेवचो. बारा महिने, सारखो. मे म्हयन्यात पण तितकोच, जुलयात पण तितकोच. सोळा हजार घराक.

विनीता: आणि हजार तुमका.

सुदेश: माका?

विनीता: हजार तुमका, हजार माका. तेचां काय केलां तां कोणी कोणाक विचारूचा नाय. बिडी ओढा, पार्टी करा. मी विचारूचंय नाय. मी साठवीन नायतर संचिताक सहलीक देईन, तुमी विचारू नको.

सुदेश: म्हणजे पगार अठरा. लिव्हलंय. पावसाचे चार महिने बोट बंद, चार अठरे बहात्तर.

विनीता: हे बहात्तर खात्यात तसेच रवले तर मे म्हयन्यात तुमची तीन फुटाची मूर्ती होतली.

सुदेश: टोमणो मारू नको, लिव्हतंय मरे. चार ठेवी करूया. अठरा-अठरा हजाराच्यो. पयली एक जूनाक पिकात, दुसरी एक जुलयाक, तशी सप्टेंबरापर्यंत. मधी मोडली तर बँक व्याजात एक टक्को कापता. आणि दोघांच्या नावान, दोघांच्या सहीन. एकट्याक मोडूक गावची नाय. ना माका, ना तुका.

विनीता: माका कित्याक?

सुदेश: तू परत लपवशीत म्हणान.

विनीता: बरां बरां. लिव्हा. पाटल्यांचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने, म्हयन्याक साडेसहा हजार. वर हजारभर व्याज येतला. भराडीच्या जत्रेपर्यंत सुटतल्यो.

सुदेश: जत्रेची तारीख देवी ठरवता. जानेवारीत पण लागात.

विनीता: लागांदे. तुमी साडेसहा भरा, चुकवा नको. देवी तारीख हलवात, बँक हलवूची नाय. आणि बोटीचे चौदा, गणपतीचे अठरा वेगळे काढून ठेवूचे. सगळां करून वर्षाअखेर किती उरता?

सुदेश: रव... चाळीसभर. एकोणचाळीस.

विनीता: तेका हात लावूचो नाय. इंजिन मोडलां, कोण आजारी पडलां तर तेवढ्यासाठी. घराचे तीन महिने निघात इतके झाले पायजेत, अठ्ठेचाळीस. ते झाले की मगे तुमची डबलबारी.

सुदेश: खरां?

विनीता: घरात नाय. देवळात, वर्गणीन. आपलो वाटो हजार. तुमच्या हजारातसून.

सुदेश: कंजूष मेली!

विनीता: उधळो मेलो! आणि आजून एक. गणपती दोघा भावांचो आसा. तुमी अठरा एकटेच कित्याक काढतास? भाईचे पंधरा फेडून झाले. आता तेचो वाटो मागा. नऊ हजार.

सुदेश: भाईकडे? परत?

विनीता: परत नाय. तेव्हा उसने मागल्यात, आता वाट्याचे मागा. तेच्यात आवाज खाली कित्याक जावक व्हयो? पण ते येईसर ह्या पाटार लिव्हा नको. हातात इले की मगे मोजूया.

सुदेश: ...आरतीच्या आधी मागतंय. सगळ्यांसमोर नाय. तेनी केल्यान तसां मी करूचंय नाय.

विनीता: नको करा. आता उठा. जुनो पाट काढा माळ्यारसून.

सुदेश: काढलंय. सकाळीच खाली ठेवलंय. भिकाजीक काय सांगू? दोन हजार घेतल्यान तीन फुटाचे.

विनीता: साडेतीनातले दोन पोचले म्हणा. दीड हजार रवले. मूर्ती गेल्या वर्षाएवढीच. हसलो तर हसांदे.

सुदेश: हसूचो नाय तो. ह्या पावसात तीन फूट सुकवची कशी ह्याच फिकिरीत होतो. पाऊस मोठो आसा गो. पाटाचां तां कापड खंय आसा? गुंडाळून न्हेतंय, भिजात.

विनीता: ह्यां घेवा. आता तेच्यात काय नाय.